सातचं बटण

तीन जूनला काकूंनी टंकलेखनाच्या परीक्षेची आठशे पन्नास रुपये फी धाकट्या जावेकडून उसनी घेऊन भरली. वकिलांच्या ऑफिसातली नोकरी टिकवायची, तर इनस्क्रिप्ट या सरकारी मराठी कीबोर्डवरची ही परीक्षा पास होणं भाग होतं.

घरी त्या फोनेटिकवर लिहीत. के, एस, एच, ए दाबलं की क्ष हजर, डी, एन, वाय, ए दाबलं की ज्ञ. पण परीक्षेत ते चालणार नव्हतं. मग त्या इनस्क्रिप्ट घोकायला बसल्या: क्षसाठी के, पाय मोडायला डी, मग शिफ्ट आणि स्वल्पविराम. ज्ञसाठी पी, डी, शिफ्ट आणि चौकटी कंस बंद. श्रसाठी शिफ्ट-एम, डी, जे.

"ताई, कशाला एवढा द्राविडी प्राणायाम?" जाऊ हसली. "शिफ्ट धरून सात दाबा, क्ष तयार. पाचवर ज्ञ, आठवर श्र."

काकूंना मोह पडला. शेवटचा आठवडा त्यांनी वरच्या रांगेवरच काढला.

परीक्षेत पहिल्याच ओळीत 'क्षमता' आलं. काकूंनी शिफ्ट धरून सात दाबलं. काहीच उमटलं नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. बटणच मेलं होतं आणि घड्याळ पुढे चाललं होतं. तेवढ्यात बोटंच वळली: के, डी, शिफ्ट-स्वल्पविराम. पडद्यावर क्ष उमटला.

निकाल लागला, काकू पास झाल्या.

"माझी युक्ती ऐन वेळी दगा देऊन गेली हो," जाऊ ओशाळली.

"अगं, तुझ्या फीनेच तर बसले मी परीक्षेला!"

त्या फीचे साडेतीनशे रुपये अजून द्यायचे आहेत.