वजन उतरवून झाल्यावर सोफासाहेब

फर्निचरच्या त्या दुकानात सोफासाहेबांचं काम बसण्याचं होतं. हुद्दा विक्रेत्याचा, पण विक्री व्हायची ती त्यांच्या बसण्यावर. गिऱ्हाईक सोफ्याभोवती घुटमळायला लागलं, गादी बोटाने दाबून बघायला लागलं, की साहेब शांतपणे पुढे यायचे, पँट गुडघ्यापाशी जरा वर ओढायचे आणि धपकन बसायचे. सोफा कण्हायचा आणि सावरायचा. "मला पेलतो, तर तुम्हाला काय," एवढंच ते म्हणायचे. मग बिल फाडायचं तेवढं उरायचं.

पण एकदा ते बसले आणि उठेचनात. गुडघ्यांनी साफ नकार दिला. हिशेबनीस आणि हमाल, दोघांनी मिळून त्यांना ओढून काढलं. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, सोफाच इतका सुखाचा आहे, आणि त्याने दोन घेतले. मालक खूश झाले. डॉक्टर मात्र खूश झाले नाहीत. त्यांनी रक्तातली साखर बघितली, गुडघे बघितले आणि साहेबांना आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं.

साहेब जिद्दी माणूस. बाईंच्या वजन उतरवण्याच्या वर्गाला जाऊन वर्षभरात त्यांनी बावीस किलो उतरवले. त्या वर्षी त्यांच्याइतकं कौतुक कुणाच्या वाट्याला आलं नसेल. इमारतीचा पहारेकरी त्यांना थांबवून वजन विचारायचा. मेहुणीने त्यांना ओळखलंच नाही, आणि हा किस्सा ते स्वतःच सगळ्यांना ऐकवायचे. फक्त मालक कष्टी होते, कारण आता साहेब सोफ्यावर बसले की गिऱ्हाईक म्हणायचं, तुमचं काय, तुम्ही तर हलकेच आहात.

ठरलेला आकडा काट्यावर आला त्या दिवशी बाईंनी अभिनंदन केलं आणि पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या वर्गाला या, असं सांगितलं. हा वर्ग वजन टिकवण्याचा. साहेबांना हसू आलं. पास झालेल्या माणसाला परत शाळेत कशाला बोलावता, असं म्हणून ते घरी आले आणि त्यांनी वजनकाटा पोटमाळ्यावर टाकून दिला.

पुढचे काही महिने काहीच घडलं नाही, आणि तीच खरी पंचाईत होती. वजन उतरत नव्हतं, म्हणून पहारेकरी विचारेना. मेहुणी त्यांना लांबूनच ओळखायला लागली. भूक मात्र वाढली होती. पूर्वी पोट भरलं की ते गप्प बसायचं, आता जेवून हात पुसेपर्यंत पुन्हा चौकशी करायचं. साहेबांनी त्याचं मन मोडलं नाही. कमावलं आहे तर थोडं खाऊ दे, असं म्हणून चहाबरोबरची बिस्किटं परत आली, मागोमाग रात्रीचा दुसऱ्यांदा घेतलेला भात आला. पँट घट्ट व्हायला लागली तेव्हा त्यांनी धुलाई यंत्राला दोष दिला. बायकोने विचारलं, तुमच्याच पँटी कशा आटतात, माझे कपडे का नाही आटत? साहेब म्हणाले, पुरुषांचं कापड नाजूक असतं.

मग त्यांना दुकानातल्या मालाचा संशय आला. कुठल्या सोफ्यावर आपण किती रुततो, हे त्यांना सवयीने माहीत होतं. वजन उतरल्यावर ते दोन बोटं रुतायचे. आता तीन बोटं रुतायला लागले. फोमची प्रत घसरली, असं ठरवून त्यांनी कारखान्याला तक्रार केली, आणि उत्तर येईना म्हणून दुसरी, जरा कडक शब्दांत.

कारखान्याने तपासनीस पाठवला. अबोल माणूस होता. त्याने गोदामातून वाळूच्या पिशव्या मागवल्या आणि साहेबांना त्यांचं वजन विचारलं. साहेबांनी छाती काढून शेवटचा माहीत असलेला आकडा सांगितला. तेवढ्या वजनाच्या पिशव्या सोफ्यावर रचल्या. सोफा दोन बोटं दबला. मग पिशव्या काढून साहेबांना बसवलं. तीन बोटं. तपासनीस पार्सलच्या काट्याकडे बघत राहिला आणि साहेब निमूटपणे त्यावर चढले. नऊ किलो परत आले होते. तपासनिसाने कागदावर 'मालात दोष नाही' असं लिहून त्यांचीच सही घेतली.

मालकांनी त्यांच्या पाठीवर प्रेमाने हात ठेवला. म्हणाले, आणखी थोडी मेहनत घ्या, पूर्वीसारखी विक्री होईल.

त्याच संध्याकाळी साहेब बाईंकडे गेले आणि त्यांनी जुना आहाराचा तक्ता मागितला. बाईंनी तो दिला नाही.

"तो तक्ता उतरवण्याचा होता," त्या म्हणाल्या. "ते तुम्हाला येतं. तुम्हाला थांबता येत नाही. आधी दोन महिने या वजनावर थांबून दाखवा."

साहेबांना हा अपमानच वाटला. नऊ किलो जास्त, आणि ते सांभाळून ठेवायचे? बाईंनी मग समजावलं. बारीक झालेल्या शरीराला अन्न कमी लागतं, आणि मागणी मात्र ते जास्त करतं. हा हट्टीपणा नाही, शरीर गेलेलं परत मिळवायला बघतं. उतरवताना काटा रोज शाबासकी देतो. टिकवताना तो तोच आकडा दाखवतो, आणि माणूस कंटाळून सगळंच सोडतो. म्हणून हे काम वेगळं, त्याच्या सवयी वेगळ्या, आणि त्या शिकाव्याच लागतात.

दुसऱ्या वर्गात चारच जण होते. पहिल्या वर्गातून भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू यायच्या. इथे बाई विचारायच्या, काय झालं या आठवड्यात? एकेक जण सांगायचा, काही नाही. मग बाई म्हणायच्या, छान. साहेबांना पहिल्यांदा वाटलं, आपण चुकून शोकसभेत शिरलो.

पण ते शिकले. काटा पोटमाळ्यावरून उतरला. एका आकड्याला चिकटून न बसता त्याच्या आसपास दोन किलोंची मोकळीक ठेवायची, आणि त्याच्याबाहेर गेलं की पँट घट्ट होण्याची वाट न बघता लगेच हात आखडायचा. एकदा बाहेरचं खारट जेवून आल्यावर सकाळी सव्वा किलो वाढलेलं दिसलं तेव्हा त्यांनी दिवसभर उपाशी राहायचं ठरवलं. बायकोने ताट पुढे सरकवत सांगितलं, एका रात्रीत एवढी चरबी चढत नाही, ते पाणी आहे, गुपचूप नेहमीसारखं जेवा. तिसऱ्या दिवशी पाणी गेलं. भाताची वाटी एकच राहिली, भाजी आणि डाळ वाढली, बिस्किटं घरातून गेली कारण समोर असली की साहेबांचं त्यांच्यापुढे काही चालत नसे. रोजचं चालणं मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही. घरी येऊन ते म्हणायचे, आज काही झालं नाही. बायको म्हणायची, माझंही.

दोन महिने थांबून दाखवल्यावर त्यांनी सावकाश सहा किलो उतरवले. उरलेले तीन राहू द्या, बाई म्हणाल्या, ते तुमच्याबरोबर सुखाने नांदतील. त्याला आता तीन वर्षं झाली. विक्रीचीही सोय झाली. आता ते गिऱ्हाइकाच्या घरातल्या सगळ्यात जाड माणसाला नम्रपणे बसायची विनंती करतात. त्यावरून दोनदा भांडणं झाली, पण सोफे गेले.

परवा मेहुणीच्या घरी वाढदिवसाला त्यांनी केकचे दोन तुकडे खाल्ले, दुसरा जरा मोठाच होता. मेहुणीने काळजीने विचारलं, आता उद्या काय करणार?

"नेहमीसारखं जेवणार," साहेब म्हणाले, आणि बशी धुवायला उठले.