नोव्हेंबरातलं सुमालक

रोहातोयचा दिवस पहाटे चारला सुरू झाला. अंगणात चूल पेटवून तिने वर लहान कढई चढवली आणि कॅमेऱ्याची तिवई धुराच्या उलट बाजूला उभी केली. लाकूड ओलं होतं, फुंकून फुंकून घसा सोलवटला.

समोरच्या खोलीतून तिचा दीर शुहरत ओरडला, "वहिनी, वेड लागलं का? नवरोज मार्चात असतो!"

"तुला माहीत असतं तर ही वेळ आली नसती," ती म्हणाली.

मर्गिलानच्या रेशीम गिरणीत तिने वीस वर्षं ताणा लावला. गिरणी बंद पडली, पाठोपाठ नवरा गेला. मग तिने जुना कॅमेरा घेतला. फोटो विकणाऱ्या साइटवर चित्रं टाकायची, जगात कुणी घेतलं की तिला वाटा मिळायचा. कामाचं मर्म तिला दुसऱ्या वर्षी कळलं. लोक सण मार्चात साजरा करतात, पण बँका आणि कॅलेंडरवाले चित्रं डिसेंबर-जानेवारीतच निवडून ठेवतात. प्रवेश परीक्षा जुलैत, पण शिकवणीवाल्यांच्या जाहिराती वसंतातच छापून होतात. म्हणून वह्यांवर वाकलेली पोरं ती हिवाळ्यात टिपायची आणि फेब्रुवारीत साइटवर चढवायची. ईद तर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तिचा हिशेब नव्याने करावा लागे. उशिरा चढवलेलं चित्र कुणी बघत नाही, आणि न बघितलेलं चित्र साइटच्या तळाशी जातं.

यंदाच्या मार्चात तिने गल्लीतल्या बायकांचं सुमालक, म्हणजे गव्हाच्या मोडांच्या रसाचा नवरोजचा गोड, घट्ट पदार्थ, शिजताना टिपलं होतं. भलीमोठी कढई, भोवती रंगीत रुमाल, चेहरा विकायच्या परवानगीची प्रत्येकीची सही आणि बदल्यात पैशाचा वायदा. चित्रं तिने वर्षअखेरीसाठी राखली. त्यांच्या विक्रीच्या पैशातून अंगणाच्या मधोमध भिंत घालायची, हे तिने गल्लीला सांगूनही टाकलं होतं. शुहरत तिची लाकडं जाळायचा, तिच्या कोंबड्यांची अंडी उचलायचा आणि वर "घर एकच आहे" म्हणायचा.

कॉम्प्युटरही एकच होता, त्याच्या खोलीत, आणि तिची चित्रं त्यातच होती.

त्याने नवरोजच्याच दिवशी सगळी चित्रं स्वतःच्या नावावर चढवली. गिऱ्हाईक एकही आलं नाही. नोव्हेंबरात रोहातोयने तीच चढवली तेव्हा साइटने परत पाठवली: ही दुसऱ्याच्या नावावर आहेत.

"सणाचा माल सणाला विकायचा असतो," शुहरत म्हणाला. "तू पेटीत कुजवत बसली होतीस."

"आणि तू उघड्यावर कुजवलास."

तक्रार केली असती तर चौकशीत हंगाम गेला असता. कदाचित दोघांचीही खाती बंद झाली असती. म्हणून तिने पुन्हा गहू भिजवला, लाकडी ताटात पसरला आणि शेगडीजवळ ठेवला. थंडीत मोड सावकाश आले. पांढऱ्या मुळांची जाळी झाल्यावर, हिरवं पातं फुटायच्या आत, तिने तो वाटून पिळला.

गल्लीतल्या बायकांनी दार लावून घेतलं. "अवेळी सुमालक? आणि मागचे पैसे आधी दे," शेजारीण जुमागुल भिंतीवरून म्हणाली. मागचे पैसे आलेच नव्हते, हे तिला पटेना.

आता चुलीपाशी एकटीने ढवळायचं आणि टिपायचंही कसं? रस तळाला धरायला लागला. तेवढ्यात सासू बाहेर आली. दोन वर्षं ती सुनेशी धड बोललेली नव्हती.

"सरक. गहू जाळतेस."

"ओयी, तुम्हाला थंडी बाधेल."

"तुझी काळजी तुझ्यापाशी ठेव. माझं तोंड घेऊ नकोस. हात घे."

तोंड नसलं की सहीही लागत नाही. रोहातोयने हात टिपले: सुरकुतलेले, पळीभोवती घट्ट. वाफ टिपली. तळ धरू नये म्हणून टाकलेले गुळगुळीत खडे टिपले. दिवसभर म्हातारी शिव्या देत ढवळत राहिली. मधे एकदाच थांबली, तीही सुनेची तिवई चुकीच्या जागी आहे हे सांगायला.

अंधार पडता पडता सुमालक तपकिरी झालं. शुहरत वाडगा घेऊन आला.

"आधी लाकडं आण," आईने त्याला सुनावलं. तो रिकामा वाडगा घेऊन परत गेला.

या वेळी रोहातोयने, मागचे पैसे यातूनच द्यायच्या बोलीवर, चित्रं जुमागुलच्या मुलाच्या कॉम्प्युटरवरून चढवली, डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात. ती मंजूर झाली. जानेवारीत एका बँकेने हातांचं चित्र घेतलं, मग एका कॅलेंडरवाल्याने, मग रोज कुणीतरी. नवरोजच्या दिवशी मागणी थांबली, तिने हिशेब केला होता तशीच.

एप्रिलात गवंडी आले. शुहरत त्यांच्या आखणीच्या दोरीवर पाय देऊन उभा राहिला. "माझ्या बापाचं अंगण आहे!"

"निम्मं," म्हातारी म्हणाली. "पाय काढ."

भिंत पुरुषभर उंच झाली. म्हातारी मुलाच्याच बाजूला राहिली, सुनेशी पुन्हा बोलली नाही. कढई मात्र तिने विटा चढण्याआधी स्वतः उचलून रोहातोयच्या बाजूला ठेवली होती.