चावी मीच दिली

बालन्यायालयाची सामाजिक निरीक्षक म्हणून मी इजिप्तमधल्या दमनहूर शहरात बरीच घरं पाहिली, पण रिफअतच्या घरी गेले त्या दिवशी दार उघडायलाच कुणी उठत नव्हतं. शेवटी तोच आला. मनगटाला तेलकट डाग, डोळे सुजलेले. पाण्याचे पंप दुरुस्त करणारा माणूस; आसपासच्या गावांत त्याला सगळे 'उस्ता रिफअत', म्हणजे रिफअत मिस्त्री, म्हणायचे.

"या मॅडम. चहा ठेवतो," तो म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.

त्याचा मुलगा हैथम चौदा वर्षांचा. दर शुक्रवारी कालव्याच्या रस्त्यावर रिफअत त्याला गाडी शिकवायचा. "लेकाचे गिअर असे पडतात, जणू लोण्यातून सुरी," असं सगळ्यांना ऐकवायचा. मंगळवारी दुपारी हैथमच्या बहिणीची शिकवणी सुटायची वेळ झाली, रिफअत जेवून आडवा झाला होता, म्हणून त्याने चावी लेकाकडे फेकली. "जा रे, घेऊन ये. बाजारातून जाऊ नकोस."

हैथम बाजारातूनच गेला. शाळेत झाडू मारणारी बदीआ भाकऱ्या घेऊन रस्ता ओलांडत होती, तिला गाडीची धडक बसली. इस्पितळात नेईपर्यंत ती गेली.

मुलाला आठवडाभर निरीक्षणगृहात ठेवलं. सरकारी वकिलापुढे त्याने एकच वाक्य धरून ठेवलं, "बाबा झोपले होते, चावी मी चोरली." ते वाक्य रिफअतच्या वकिलाने, नजमींनी, त्याला शिकवलं होतं. मी घरी बसले असतानाच ते आले आणि रिफअतलाही समजावू लागले.

"हे बघ, पोराचं वय पंधराच्या आत. त्याला शिक्षा नाही, फार तर देखरेख. पण नुकसानभरपाईचा दावा दिवाणी कोर्टात तुझ्यावर येणार. मुलावर नजर ठेवायची जबाबदारी तुझी, असं कायदा धरूनच चालतो. चावी कपाटात कुलूपबंद होती आणि त्याने कुलूप फोडलं, असं दाखवलं तरच तू सुटशील."

"म्हणजे चोर माझा पोरगा?"

"कागदावर रे!"

"कागद तो वाचणार नाही का?" रिफअत म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, लिहा. चावी मीच दिली. गाडीही मीच शिकवली."

"अरे, तुझ्यावर वेगळा खटला होईल, मुलाला धोक्यात घातल्याचा!" नजमी ओरडले.

"होऊ दे."

मी तसंच लिहिलं. माझा अहवाल पाहिल्याशिवाय न्यायाधीश निकाल देत नाहीत. सुनावणी बंद दाराआड झाली. तीन न्यायाधीश, दोन तज्ज्ञ, आई-बाप आणि मी. हैथमला दोन वर्षं माझ्या देखरेखीखाली घरीच ठेवायचा हुकूम झाला. बालन्यायालय भरपाईचं काही ऐकत नाही, म्हणून बदीआचा नवरा मेतवल्ली दिवाणी कोर्टात गेला. रिफअतला त्याच्या खटल्यात दंड झाला. विमा कंपनीने वारसांना ठरलेली रक्कम दिली, आणि चालकाकडे परवानाच नव्हता म्हणून ती रिफअतकडून वसूल करायला मागे लागली.

दिवाणी कोर्टात नजमींनी शेवटचा प्रयत्न केला. "अजूनही सांग, पोराने न विचारता नेली."

रिफअतने नकारार्थी मान हलवली. त्याने काहीच लढवलं नाही. निकाल त्याच्याविरुद्ध गेला. वडिलांकडून आलेला जमिनीचा तुकडा, ज्यावर हैथमसाठी घर बांधायचं होतं, विकून त्याने भरपाई भरली. कोर्टाच्या जिन्यावर मेतवल्ली समोर आला तेव्हा रिफअत पुढे झाला. मेतवल्लीने हात वर केला, मारायला नव्हे, थांबवायला. "नको. काही बोलू नकोस," तो म्हणाला आणि उतरून गेला.

हैथम दर महिन्याला माझ्याकडे यायचा. वर्षभर हो-नाही पलीकडे बोलला नाही. एकदा मी म्हटलं, "तुझ्या बापाने तुझ्यावरचं ओझं उचललं रे."

"सगळंच उचललं," तो एकदम चिडून म्हणाला. "जिथे तिथे सांगतात, चूक माझी, चूक माझी. त्यांनी बाजारातून जाऊ नको म्हटलं होतं, मॅडम. मी मित्रांना दाखवायला गेलो. आणि मित्राला हात करायला मान वळवली. हे कुणी लिहिलंय का?"

मी वही काढली. तो नको म्हणाला. "तुम्हाला नाही. बदीआच्या नवऱ्याला सांगायचंय."

त्या शुक्रवारी बाप-लेक मेतवल्लीच्या दारात गेले. मी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. रिफअत गल्लीच्या टोकाशी थांबला. मुलगा एकटा पुढे गेला, मान वळवल्याचं उभ्या उभ्या सांगितलं. मेतवल्लीने सगळं ऐकून घेतलं.

"ती भाकऱ्या घेऊन येत होती," तो म्हणाला. "मी त्या दिवशी जेवलो नव्हतो." आणि दार लावून घेतलं.

हैथम परत आला तेव्हा रडत होता. रिफअतने त्याला जवळ घेतलं नाही. त्याच्या बाजूने चालू लागला, घरापर्यंत चालतच, पायी.