कोऱ्या टेपवरचा माझा दावा

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आम्ही पिंपरीत, औषधांच्या एका कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. हे तिथे केमिस्ट होते. मी गाडीने पुण्याला जाऊन गणितात संशोधन करायची. आमची यंत्रं कागदावरचीच: चौकोनांची न संपणारी टेप, एका वेळी एक चौकोन वाचायचा, त्यात लिहायचं, डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं. कुठलंही यंत्र टेपवर दिलेल्या मजकुरावर काम संपवून थांबेल की नाही, हे हमखास सांगणारी रीत असूच शकत नाही, हे आधीच सिद्ध झालं होतं. माझा दावा असा, की टेप कोरी असली तर मात्र रीत आहे. वाचायलाच काही नाही, म्हणजे यंत्र एकतर लवकरच थांबणार, नाहीतर त्याच त्या अवस्थांत फिरत राहणार! माझ्या मार्गदर्शक सरांनाही ते पटलं. त्यांच्या शिफारशीने निबंध परिषदेला गेला. वाचन आठवड्यावर आलं होतं.

रविवारी सकाळी मी तो निबंध ह्यांना वाचून दाखवत होते. हे मटार सोलत होते.

"पण यंत्र स्वतः लिहू शकतं ना?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"मग टेप कोरी राहणार किती वेळ?"

मी पेन्सिल घेऊन समासात मांडून बघितलं. कुणी मला एक यंत्र आणि एक मजकूर दिला, तर मी नवं यंत्र रचू शकत होते. ते कोऱ्या टेपवर आधी तो मजकूर एकेक अक्षर करून लिहील, पहिल्या अक्षरापाशी परत येईल आणि तिथून मूळ यंत्रासारखंच वागेल. मूळ यंत्र त्या मजकुरावर थांबणारं असेल तरच हे थांबेल. माझी रीत खरी असती, तर जे अशक्य ठरलं होतं तेच मी करून दाखवलं असतं.

"काय झालं गं?"

मी निबंध मिटून ठेवला. जेवण गेलं नाही. सरांचं नाव त्या शिफारशीवर होतं.

सोमवारी त्यांच्या खोलीबाहेर मी दोनदा मागे फिरले. शेवटी आत गेले, वाचून दाखवताना चूक कशी सापडली ते सांगितलं आणि फळ्यावर ते नवं यंत्र काढलं. सरांनी एकेक पायरी बोटाने पुन्हा ताडून बघितली.

"आणि उलट बाजूने?"

"कोरी टेप हा मोठ्या प्रश्नाचाच एक खास प्रकार, सर. मोठा सुटला तर हाही सुटतो. म्हणजे दोन्ही सारखेच अवघड."

"बरोबर," ते म्हणाले. मग हळूच, "मी तपासलं होतं हो हे."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि ते बघून मी जास्तच घाबरले. त्यांनी तिथेच निबंध मागे घेत असल्याची तार लिहिली, कारणासकट. त्यात चूक माझी म्हटली नव्हती, "आमची" म्हटली होती.

पुढे माझा प्रबंध झाला, पण दुसऱ्याच विषयावर. त्याचं प्रत्येक पान सर मला मोठ्याने वाचायला लावत, आणि प्रत्येक ओळीनंतर मी त्यांच्या तोंडाकडे बघायची.