लाल रेघ नसलेली चूक

अमरावतीच्या कोर्टात न्यायाधीश साहेब माइकवर निकाल सांगत, कॉम्प्युटर तो टाइप करी आणि लघुलेखिका रागिणी त्यातल्या चुका काढी. शेतवाटणीच्या निकालावेळी सहकारी मोहसीन म्हणाला, "ताई, तुमी वाचा, मी रेकॉर्डिंग ऐकून ताडून पाहतो."

"काहून? मले वाचता येत नाही का?" ती फणकारली. लाल रेघ आलेले शब्द तेवढे तिनं सुधारले.

सही करण्याआधी साहेब थबकले. त्यांनी सांगितलेला 'मुलीचा हिस्सा' मशीननं 'मुलाचा' केला होता; शब्द शुद्ध, म्हणून रेघच नव्हती.

"रेकॉर्डिंगशी कोणी ताडून पाहिलं?"

रागिणीची मान खाली गेली. मोहसीन पुढं झाला. "आम्ही दोघांनी, साहेब."

"मग दोघं पुन्हा ताडून पाहा."

मोहसीननं हेडफोन लावला. रागिणीनं पहिल्या ओळीपासून, रेघ नसलेलाही प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचायला घेतला.