माझी पेन्शन मी परत द्यायला गेले

"हे परत घ्या," म्हणून मी माझं पेन्शनचं पुस्तक ट्रेझरीच्या खिडकीतून आत सरकवलं.

सरकारी दवाखान्यात आया म्हणून राबून मिळवलेली ती पेन्शन होती. बाळंतिणीच्या खोल्या धुतल्या, रात्रपाळ्या केल्या, डॉक्टरांची बोलणी खाल्ली. ती मी भाजीची जुडी परत करावी तशी परत देत होते.

नवरा तहसीलीत शिपाई होता. त्यालाही पेन्शन होती. तो गेला तेव्हा बेंबळीच्या घरात आम्ही दोघीच उरलो, मी आणि सासू. सासूबाईंना दिसायचं कमी, पण जीभ शाबूत होती. मुलगा येडशीला, दीर माकणीला. दीर तिथल्या सोसायटीचा चेअरमन होता. त्याच्या सोसायटीत एका घरातून एकच सभासद घेत. दुष्काळात कडबा असो की साखर, एका चुलीला एकच वाटा. तो वाटप करून करून त्याला वाटायला लागलं होतं, की सगळं सरकारच तसं चालतं.

नवऱ्यामागचं पुण्यानुमोदनाचं जेवण झालं आणि दीर म्हणाला, "वैनी, एका चुलीला एकच पेन्शन. दादाची मोठी हाय, ती घ्या. तुमची परत करा. दोन्ही खाल्ल्या तर वसुली लागंल."

"एकीवर आम्हा दोघींचं भागंल का भाऊजी?"

"न्हाय भागायचं. म्हणून आईला मी नेतो. तुम्ही लेकाकडं जावा. घराला कुलूप लावू."

कोपऱ्यातून सासूबाई ओरडल्या, "मला वाटून घेता व्हय रं? मी काय कडब्याची पेंढी हाय?"

हसू आलं, पण वसुली म्हटल्यावर मला धडकी भरली. मी चौथी शिकलेली. चेअरमन म्हणतो म्हणजे खरंच असेल असं धरलं. दीर बरोबर यायला तयार झाला. सासूबाई म्हणाल्या, "मलाबी न्या. कुठं कुलूप लागतंय ते मला बघू द्या." एसटीत त्यांनी दिराला खिडकीही दिली नाही.

तर पुस्तक आत गेलं. कारकुनानं ते उलटंपालटं करून विचारलं, "बाई, पेन्शन कोण परत देतं?" दिरानं एका चुलीचा नियम सांगितला. कारकून गोंधळला आणि आम्हाला साहेबांच्या खोलीत घेऊन गेला.

साहेबांनी दिराला बसवलं आणि ते माझ्याशी बोलले. "तुमची पेन्शन तुमच्या नोकरीची आहे. ती तुम्ही आहात तोवर चालणार. यजमानांची फॅमिली पेन्शन त्यांच्या नोकरीवर, बायको म्हणून तुम्हाला मिळते. दोन्ही घ्या. मात्र त्यांना मिळत होती तेवढी नाही मिळणार, कमी मिळेल."

म्हणजे मोठी म्हणून जी धरायची ती मोठी राहिलीच नव्हती. मी दिराकडं पाहिलं. त्यानं टोपी नीट केली.

हार मानणारा गडी नव्हता तो. "मंग सायेब, उद्या वैनी गेल्या, तर दोघांच्या दोन फॅमिली पेन्शनी आईला लागतील का?"

"नाही. आईबाप दोघंही पेन्शनर असून गेले आणि मागं लहान मूल असलं, तर त्याला दोन्ही मिळू शकतात. त्यालाही मर्यादा आहे. सासूला नाही. यांचा मुलगा मोठा, कमावता असणार. त्यालाही नाही."

"म्हंजी सगळं हिच्या जिवावर हाय," सासूबाई म्हणाल्या. "हिला तूप चारलं पायजे."

साहेब हसले. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, त्याचं पुस्तक आणि माझा अर्ज द्यायला सांगितलं. त्याच्या कागदाला आमचा जोडीचा फोटो लावलेला होताच. मग जरा अवघडून म्हणाले, "बाई, दुसरं लग्न केलं तर यजमानांची पेन्शन बंद होते. केलं नाही, असा दाखला वेळोवेळी द्यावा लागेल."

माझे पुढचे दात पडलेले होते. मी काही बोलायच्या आत सासूबाई टेबलावर हात टेकून म्हणाल्या, "सायेब, हिनं केलंच तर मलाबी संगं न्यावं लागंल. तेवढं त्यात लिहून घ्या."

दारातला शिपाईसुद्धा हसला. मी तर इतकी हसले की नवरा गेल्यापासून पहिल्यांदा डोळ्याला पाणी आलं.

कारकुनानं माझं पुस्तक परत दिलं. ते मी पोलक्यात खोचलं. स्टँडजवळ दिरानं भजी घेतली. सासूबाई खाता खाता म्हणाल्या, "चेअरमन, कुलूप आणलं होतं न्हवं? तुझ्याच तोंडाला लाव."

"खा गं आई," तो म्हणाला. त्यालाही हसू आवरेना.

नवऱ्याची पेन्शन तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची हिशोबानं आली. बेंबळीचं घर उघडंच राहिलं. सासूबाई पुढं पुष्कळ वर्षं माझ्याजवळ जगल्या आणि त्याच घरात झोपेत गेल्या. दीरही गेला. मी आहे.