गालावर मोजलेला उजेड

आष्ट्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. अठरा वर्षं लग्नं, साखरपुडे, वाढदिवस आणि पासपोर्टच्या चौकटी काढून माझं पोट सुटलंय आणि गर्वही चढलाय. त्यामुळं कडेगावच्या खालांनी, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीनं, त्यांच्या पोरीचा बायोडाट्यासाठी फोटो काढायला बोलावलं तेव्हा मी स्टुडिओतला एकही दिवा बरोबर घेतला नाही. म्हटलं, एक फोटो तर काढायचा. त्यात काय!

पोरगी एम.एस्सी. झालेली, तालुक्याला शाळेत शिकवणारी, रंगानं सावळी आणि बोलायला तिखट. सांगून आलेला मुलगा शिरवळच्या एका कंपनीत इंजिनियर. पोरीला हे स्थळ मनापासून आवडलं होतं. तसं तिनं मला फोनवर सांगितलं होतं, आणि असलं काही ती कधी सांगत नाही.

खालांनी घर नवं बांधलेलं. हॉलला भलीमोठी सरकती काच, काचेमागं उसाचं हिरवंगार रान. पोरीला त्यांनी नेमकं त्या काचेपुढं खुर्ची टाकून बसवलं.

"आवं खाला, पाठीमागं लय उजेड हाय. इकडं भिंतीकडं बसवू या."

"भिंतीत काय दिसणार हाय रं? घर दिसू दे, ऊस दिसू दे. पोरगी काय, ती तर दिसणारच हाय."

मला दुपारी इस्लामपुरात हळदीची ऑर्डर होती. कॅमेरा होता मॅट्रिक्सवर, म्हणजे सगळ्या चौकटीतला उजेड एकत्र बघून कॅमेरा स्वतःच ठरवणार की किती घ्यायचा. चौकटीत बहुतेक होतं ते भर दुपारचं उन्हातलं रान. कॅमेऱ्यानं उसाची काळजी घेतली आणि पोरीचा चेहरा अंधारात ढकलला. मागच्या स्क्रीनचा ब्राइटनेस मी नेहमी पूर्ण ठेवतो, तिथं चित्र ठीकच दिसलं. तसंच पाठवून दिलं. शहाणा माणूस!

चार दिवसांनी मध्यस्थाचा, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना मामू म्हणतो त्यांचा, खालांना फोन आला. "पोरगी शिकलेली हाय, खानदान चांगलं हाय. पन... रंगाचं जरा बघावं लागंल म्हनत्यात."

खालांनी मला फोन लावला आणि कानात उकळतं तेल ओतल्यासारखं झाडलं. खरं सांगतो, लाज वाटली. चूक माझी, आणि काळी ठरली ती. तिच्या सावळेपणावर मी वर दोन स्टॉपचा, म्हणजे उजेड चौथ्या हिश्शावर आणणारा, अंधार फासून पाठवला होता, आणि तिकडच्या मंडळींनी तो सगळा तिच्या नावावर मांडला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून कडेगावला गेलो. पोरगी त्याच काचेपुढं त्याच खुर्चीत बसली. "भिंतीकडं चल," म्हणालो, तर म्हणते कशी, "न्हाई भाईजान. हितंच चुकलं ना? हितंच दुरुस्त करा. मलाबी बघू दे काय चुकलं ते."

पडली मास्तरीण, काय करणार! आधी मॅट्रिक्सवर काढून दाखवला. चेहरा काळाठिक्कर, ऊस झकास. मग सेंटर-वेटेडवर. त्यात मधल्या भागाला जास्त मान असतो, पण कडेचा उजेडही मोजणीत धरला जातो. मध्ये तिच्या चेहऱ्याबरोबर काचही होती. चेहरा थोडा उघडला, अर्धवटच. मग स्पॉट. यात कॅमेरा फक्त एका बारक्या वर्तुळातला उजेड मोजतो, बाकी चौकटीकडं ढुंकूनही बघत नाही. वर्तुळ तिच्या गालावर ठेवलं, मोजणी लॉक केली, चौकट पुन्हा नीट लावली आणि बटण दाबलं.

चेहरा असा उजळून निघाला की खाला ओरडल्याच, "या अल्ला! ही माजीच पोरगी हाय का?" आणि लगेच, "आरं पन ऊस कुठं गेला? काच कुठं गेली?"

पाठीमागं नुसता पांढरा धूर झाला होता. चेहऱ्याला पुरेल एवढा उजेड घेतला की मागचं ऊन जळूनच जातं. मी थर्माकोलचा पांढरा तक्ता मागवला, तिच्या समोर तिरका धरायला लावला, त्यावरून ऊन परतून चेहऱ्यावर पडलं. गालावर पुन्हा मोजलं. आता ऊसही थोडा परत आला. खालांचा जीव भांड्यात पडला.

पोरगी मात्र स्क्रीनकडं बघत बसली होती. "भाईजान, ही मी न्हाई. मी एवढी गोरी कवा झाले?"

धरलं बघा! मी तिला खरं ते सांगितलं. कॅमेऱ्याला गाल, ऊस, भिंत काही कळत नाही. ज्यावर मोजाल ते मध्यम करड्या रंगाइतकं उजळ आणायचं, एवढंच त्याला येतं. सावळ्या गालावर मोजलं की तो गाल आहे त्याहून उजळ करतो. गोऱ्या गालावर मोजलं असतं तर उलटा काळवंडला असता. म्हणून सावळ्या चेहऱ्यावर मोजल्यावर पाऊण स्टॉप खाली यायचं. तसा खाली आणून पाचवा फोटो काढला. उंच कपाळ, भुवईजवळचा व्रण, सावळा रंग, हसू दाबलेलं. ही ती होती. शेवटचे दोन्ही फोटो मी कॅमेऱ्यातून खालांच्या मोबाईलवर घेतले.

"हा पाठवा," ती म्हणाली.

"गप गं," खाला म्हणाल्या, आणि माझ्या हातून मोबाईल ओढून त्यांनी तो गोरा फोटो मामूंना पाठवला. मी अडवलं नाही. स्थळ तिला आवडलं होतं ना! आधी एकदा माझ्यामुळं बिघडलं होतं, आता सुधारू दे, असा हिशेब केला आणि चहा घेतला.

अर्ध्या तासात मामूंचा निरोप: "पसंत हाय. त्या दिवशी मोबाईलमदीच कायतरी खोट होती म्हनत्यात. पोरगी तर उजळ हाय की!"

खाला उठून शेजारी सांगायला निघाल्या. पोरगी हलली नाही. तिनं आईचा मोबाईल घेतला आणि त्यात आलेला मुलाचा फोटो उघडून माझ्यासमोर धरला. मुलगा कुठल्यातरी घाटाच्या टोकावर मोटरसायकलला टेकून उभा, मागं मावळता सूर्य, आणि पायापासून डोक्यापर्यंत काळाकुट्ट. नाक नाही, डोळे नाहीत. हा फोटो दोन आठवडे साऱ्या घरात फिरला होता. खाला, मामू, मावस भाऊ, सगळ्यांनी 'काय ऐट हाय' म्हणून माना डोलावल्या होत्या.

"ह्याचा रंग कुणी विचारला काय?"

खाला दारात थबकल्या.

तिनं मामूंना आवाजाचा निरोप पाठवला, शांतपणे, वर्गात सांगतात तसा. "मामू, मघाचा फोटो माझा न्हाई, त्यात मी हाय त्याहून गोरी दिसते. माझा खरा आता पाठवते. त्यांनाबी म्हणावं, मुलाचं तोंड दिसणारा एक पाठवा. मग पसंतीचं बोलू." आणि पाचवा फोटो पाठवून दिला.

शिरवळहून पुन्हा काही आलं नाही. तिला त्रास झाला, हे मला माहीत आहे. तिनं तो कुणाला दाखवला नाही. खाला महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

वाईट वेगळ्याचंच वाटतं. मुलाचा तो फोटो खालांनी सगळ्यांच्या आधी माझ्याकडं पाठवला होता, 'कसा वाटतो बघ' म्हणून. अठरा वर्षं ह्या धंद्यात, आणि मी त्यात फक्त मोटरसायकल कुठली आहे ते बघितलं होतं.